एकवीस पतंग कुणाला दाखवायचे?

कपाशीच्या वावरात कामगंध सापळा लावला की रोज सकाळी त्यातले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजायचे, वहीत आकडा लिहायचा आणि पिशवी रिकामी करायची. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव किंवा घाटंजीकडच्या एखाद्या गावात चार-पाच जणांनी मिळून अशा बारा सापळ्यांची वही ठेवली आहे असं समजू. त्या वहीचं एक पान असं असतं: सोमवार २, मंगळवार ३, बुधवार कोरा, गुरुवार कोरा, शुक्रवार २१.

हे एकवीस पतंग एका रात्रीचे की तीन रात्रींचे? मधले दोन दिवस कुणी वावरात गेलंच नसेल, तर हिशेब रात्रीला सातचा. कुणी जाऊन पिशवी रिकामी केली आणि लिहायचं राहिलं असेल, तर एका रात्रीत एकवीस. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे उपाय करायला हवा, असं मानतात. म्हणजे त्या दोन कोऱ्या रकान्यांवर पुढचा निर्णय अडून बसतो.

अशा गटाला दोन प्रकारची माणसं हवी असतात. एक, ज्यांना नोंदीचा फॉर्म आणि त्यातून गावाचा आलेख बांधता येतो. दोन, जे आपापल्या शिवारात दोन सापळे लावून हंगामभर मोजतील. ही माणसं ओळखीपाळखीत सापडतातच असं नाही. ती मिळवायची सर्वांत खात्रीची वाट म्हणजे एखाद्या मेळाव्यात किंवा वेबिनारमध्ये वीस मिनिटं बोलणं. पण ते बोलणं सोबती शोधण्यासाठी आहे, हे विषय ठरवण्याच्या दिवसापासून डोक्यात असावं लागतं. व्याख्यान म्हणून छान झालेलं आणि एकही माणूस न जोडलेलं भाषण आपल्याकडे रोज कुठेतरी होत असतं.

विषय ठरवताना बहुतेक जण व्यापक नाव घेतात. ‘गुलाबी बोंडअळी: समस्या आणि उपाय’ असं नाव दिलं की हॉल भरतो, आणि भरलेल्या हॉलमधले सगळे उपाय ऐकायला आलेले असतात. त्यात चूक त्यांची नाही, नावातच तसं कबूल केलं आहे. सोबती हवे असतील तर विषय तिथे निवडावा जिथे आपलं काम खरोखर अडलं आहे. वरच्या गटासाठी तो विषय म्हणजे तेच वहीचं पान: ‘एकवीस पतंग: एका रात्रीचे की तीन रात्रींचे?’ या नावाला माणसं कमी येतील. पण येणाऱ्याला बसण्याआधीच कळलेलं असेल की इथे मोजणीतला एक गुंता मांडला जाणार आहे. ज्याला असे गुंते सोडवायला आवडतात तोच येतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

विषय नेमका झाला की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. ‘हे ऐकून माणूस घरी जाऊन काय करू शकेल?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहून पाहावं. ‘जागरूक होईल’ असं उत्तर निघालं तर विषय अजून पसरट आहे. ‘वहीच्या एका पानाचा फोटो बघून तीस नोंदी तक्त्यात भरेल’ असं निघालं तर विषय पक्का झाला.

पुढचा प्रश्न ऐकणाऱ्यांचा. नागपुरात सॉफ्टवेअरवाल्यांचे मेळावे होतात, तिथे फॉर्म बांधणारी माणसं भेटतील. सापळे मोजणारे तिथे भेटणार नाहीत. ते गावातल्या शेतकरी गटात, कृषी विज्ञान केंद्राच्या बैठकीत आणि विशेषतः कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात भेटतात. ग्रामीण कार्यानुभवासाठी खरिपात गावागावांत येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या या कामाला फार योग्य आहेत. त्यांना अनायासे गावात राहून किंवा ये-जा करून काही मोजायचं, लिहायचं असतंच. या दोन्ही श्रोत्यांना एकाच वेबिनारमध्ये बसवण्याचा मोह टाळावा. प्रोग्रॅमरला ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, काय असते हे सांगेपर्यंत शेतकरी कंटाळतो, आणि डेटाचे रकाने समजावेपर्यंत शेतकऱ्याच्या घरची लाइट जाते. तेच भाषण दोनदा द्यावं, मागणी वेगवेगळी ठेवावी.

दोनदा द्यायचं तर वेळाही दोन. कोरडवाहू कपाशीची पेरणी पाऊस पडला की जूनच्या मध्यानंतर होते, आणि सापळे साधारण पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या तोंडावर लागतात. मोजणाऱ्यांसाठीचं बोलणं जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवं. जूनमध्ये कुणाला फुरसत नसते, आणि पोळ्यानंतर सांगितलं तर मोजणीचे सुरुवातीचे आठवडे हातचे गेलेले असतात. प्रोग्रॅमरांसाठी मात्र जानेवारी ते मार्च चांगला. मागच्या हंगामाची वही तेव्हा भरलेली असते, दाखवायला खरे आकडे असतात, आणि नवा फॉर्म जुलैपर्यंत तयार व्हायला चार ते सहा महिने मिळतात. ऐन ऑगस्टमध्ये फॉर्म मागितला तर तो घाईत बनतो. घाईत बनलेल्या फॉर्ममध्ये नेमका ‘पिशवी शेवटची कधी रिकामी केली’ हा रकाना राहून जातो, म्हणजे सगळं मुसळ केरात.

मेळाव्याच्या आयोजकाला पाठवायचा मजकूर सव्वाशे-दीडशे शब्दांपलीकडे नको. त्यात स्वतःची ओळख एका ओळीत संपवावी आणि उरलेल्या जागेत चार गोष्टी लिहाव्यात: अडचण काय, काय दाखवणार, ऐकणाऱ्याला कोणतं कौशल्य कामी येईल, आणि शेवटी मदत मागणार आहोत ही स्पष्ट कबुली. ही शेवटची ओळ लपवू नये. काही आयोजकांना अशी मागणी चालत नाही. ते आधीच कळलेलं बरं. एसटीने नागपूरला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडणार असेल, तर तिथे पोचल्यावर ‘आवाहन नको, वेळ कमी आहे’ हे ऐकायची पाळी येऊ नये.

आता भाषणाकडे. वीस मिनिटं धरली तर पहिली तीन फक्त त्या पानाची. पडद्यावर वहीच्या पानाचा फोटो, बाकी काही नाही. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मोबाइल नंबर आधी झाकलेला असावा आणि पान दाखवायला त्याची परवानगी घेतलेली असावी. ज्यांच्या वावरातले आकडे आहेत त्यांना नागपूरच्या पडद्यावर आपलं नाव आहे हे दुसऱ्याकडून कळलं, तर पुढच्या हंगामात ते वही देणार नाहीत. त्यात वावगंही काही नाही.

नंतरची पाच मिनिटं सापळा कसा चालतो याची. पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर काठीला बांधलेलं नरसाळं, खाली प्लास्टिकची लांब पिशवी, वर टोपणात रबराची लहानशी गोळी. त्या गोळीला ल्यूर म्हणतात. मादीच्या वासासारखा वास असल्यामुळे नर येतो आणि पिशवीत उतरतो. मोजणी का चुकते हे इथे सांगून टाकावं, कारण ऐकणाऱ्याला काम खरं वाटायला लागतं ते याच तपशिलाने. पिशवी खालून फाटली की पतंग निसटतात. मुंग्या आत शिरल्या की पंख तेवढे उरतात. खर्रा घोटलेल्या हाताने गोळी बसवली तर तंबाखूचा वास तिला लागतो, म्हणून ती चिमट्याने किंवा स्वच्छ हाताने बसवायची. पाकिटावरची मुदत संपली तरी गोळी तशीच राहिली तर आकडा खाली येतो, आणि शेतकऱ्याला वाटतं अळी कमी झाली. दुकानातून अमेरिकन बोंडअळीची गोळी आली असेल तर पतंग दिसायलाच मोठे असतात, आणि नोंद मात्र गुलाबीच्या खात्यात जाते. गावच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सापळा तर लावला जी, पण गोळी कायची हाय थे मालूम नाही.’ हे वाक्य आलं की समजावं, हा माणूस मोजणीला उपयोगाचा आहे. त्याला आपल्या नोंदीवर शंका घेता येते.

आठव्या ते पंधराव्या मिनिटात आपण काय करून पाहिलं आणि ते कुठे थांबलं हे सांगावं. इथे बरेच वक्ते काम पूर्ण झाल्यासारखं दाखवतात. गुळगुळीत आलेख, सुबक नकाशा, सगळं जुळलेलं. ते बघून लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, कारण हात लावायला जागाच दिसत नाही. अर्धवट तक्ता दाखवावा. बारापैकी चार सापळ्यांच्या नोंदी का टाकून द्याव्या लागल्या हे दाखवावं. कोरा रकाना म्हणजे शून्य पतंग की न पाहिलेला सापळा, हे वहीतून कळत नाही, हे सांगावं. प्रोग्रॅमर असेल तर इथेच पुढे सरकून बसतो, कारण शून्य आणि रिकामं यांतला फरक त्याच्या रोजच्या कामातला आहे.

त्यानंतर श्रोत्यांकडून काम करून घ्यायचं. एका पांढऱ्या कागदावर पिशवी ओतून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढलेला फोटो दाखवावा आणि पतंग मोजायला सांगावं. गुलाबी बोंडअळीचा पतंग सेंटिमीटरभराचा, करडा-तपकिरी, आणि ढिगात एकमेकांवर पडलेला असतो. वेबिनार असेल तर आकडे चॅटमध्ये येऊ द्यावेत, सभागृह असेल तर कागदावर. उत्तरं सारखी येत नाहीत. कुणी सतरा म्हणेल, कुणी बावीस. दोन माणसांनी मोजलेलं का हवं हे आता वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक फायदा असा की ज्यांनी खरोखर मोजून आकडा लिहिला त्यांची नावं आपल्यापुढे आलेली असतात. छान, सुंदर, धन्यवाद असं लिहिणाऱ्यांपेक्षा ही नावं मोलाची. सोबतच्या माणसाने ती त्याच वेळी टिपून ठेवावीत. वेबिनार बंद झाला की चॅट हाती राहीलच असं नाही.

मागणी अठराव्या मिनिटाला करावी, प्रश्नोत्तरांच्या आधी. शेवटी ठेवली तर ती बुडते. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी बैठक आपोआप बंद होते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर फुकटात तासभर मिळतो, पण तोवर निम्मे गेलेले असतात. आणि मागणी मोजूनमापून असावी. ‘सर्वांनी सहकार्य करावं’ यात कुणालाच काही मागितलेलं नसतं. त्यापेक्षा तीन आकारांची कामं पडद्यावर लिहावीत. पहिलं वीस मिनिटांचं: एका पानाचा फोटो बघून तीस नोंदी भरणं. दुसरं दोन तासांचं: फॉर्मचा कच्चा आराखडा बघून त्यातल्या उणिवा लिहिणं. तिसरं हंगामाचं: दोन सापळे, दहा आठवडे, रोज सकाळची दहा मिनिटं. ल्यूर आणि सापळ्याचा खर्च कोण करणार हेही तिथेच सांगावं. न सांगितल्यास तो प्रश्न मनात ठेवून माणूस गप्प राहतो आणि पुढे फोन उचलत नाही.

प्रश्नोत्तरांत एक गोष्ट गावच्या बैठकीत नक्की घडते. पहिलाच प्रश्न येतो, ‘मग आता कोणतं औषध मारू?’ एकदा त्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली की उरलेला वेळ औषधांच्या नावांत जातो आणि मोजणीचा विषय संपतो. हे फक्त वेळेचं कारण झालं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या भागात कुणी विसरलेलं नाही. ज्याचा तो अधिकार नाही त्याने माइकवरून औषध सांगू नये. कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्रज्ञांना आधीच बोलावून त्यांच्याकडे हे प्रश्न वळवावेत. ते येऊ शकत नसतील तर प्रश्न आणि नंबर लिहून घेऊन त्यांच्यापर्यंत पोचवावेत, आणि ते खरंच पोचवावेत.

वेबिनारची तांत्रिक बाजू थोडक्यात. लाइट गेली तर वाय-फायही जातं, म्हणून भाषण लॅपटॉपवरून आणि इंटरनेट मोबाइलवरून घ्यावं, आणि वेगळ्या कंपनीच्या सिमचा दुसरा फोन चार्ज करून जवळ ठेवावा. रेंज ढासळली तर आधी आपला व्हिडिओ बंद करावा. आवाज टिकला की भाषण टिकतं. बरेच जण मोबाइलच्या पडद्यावर बघतात, त्यामुळे एका स्लाइडवर पाच-सहा ओळींच्या वर नको. स्लाइड पीडीएफ करून सोबत्याला आधी पाठवून ठेवाव्यात. दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की मराठी जोडाक्षरं फुटतात, आणि आपलं नेट गेलं तर तो त्याच्याकडून पुढे दाखवू शकतो. शेतकऱ्यांसाठी वेळ ठरवताना त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची वीज आहे का हे विचारून घ्यावं. असेल तर ओलिताची माणसं साडेआठला मोटरीपाशी असतात.

नावं गोळा करायचा फॉर्म चार प्रश्नांचा पुरे: नाव, गाव, व्हॉट्सअॅप नंबर, आणि तीन कामांपैकी कोणतं. गावात मात्र क्यूआर कोड दाखवून थांबू नये. कोरा ताव आणि पेन पहिल्या रांगेतून फिरवावं, आणि चौथा रकाना त्यावरही आखलेला असावा. तो नसेल तर हातात नावांची यादी येते, पण कुणाला काय सांगायचं ते कळत नाही.

यानंतरचे आठ दिवस हे माझ्या मते भाषणापेक्षा मोठं काम आहे. पहिला निरोप त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जावा, आणि तो ज्याचा त्याला जावा. सगळ्यांना एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकणं सोपं असतं, पण तिसऱ्या दिवसापासून शुभ सकाळ सुरू होते आणि कामाची माणसं ग्रुप म्यूट करतात. निरोप असा साधा असावा: ‘ताई, काल तुम्ही फोटोत एकोणीस पतंग मोजले होते. आमच्या दोघांच्या मोजणीत वीस आणि एकवीस आले. तुम्ही वीस मिनिटांचं काम घेतलं होतं, त्याचं पान सोबत आहे. रविवारपर्यंत जमेल का? नाही जमलं तर तेही कळवा, पान दुसऱ्यांना देतो.’ यात तिने केलेल्या गोष्टीची आठवण आहे, काम सोबतच आहे, दिवस ठरलेला आहे आणि नाही म्हणायला वाट मोकळी आहे. ही शेवटची सोय फार उपयोगाची. नाही म्हणता आलं नाही की माणूस संकोचाने गायबच होतो.

काम पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघावी. तक्ता फक्त मालकालाच उघडतो, मग परवानगी मागणारा मेल येतो, तो मेल आपण चार दिवसांनी बघतो, आणि तोवर समोरच्याचा उत्साह ओसरतो. सगळ्यांना एकच तक्ता संपादनाला देऊ नये. कुणीतरी एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावतो आणि सगळ्या गावांचे आकडे एकमेकांत मिसळतात. हे आठवड्यानंतर लक्षात येतं, तेही एखाद्या सापळ्यात तो लावण्याआधीच्या तारखेचे पतंग दिसले म्हणून. प्रत्येकाला स्वतंत्र पान द्यावं किंवा फॉर्ममधूनच भरायला सांगावं.

काम परत आलं की दोन दिवसांत उत्तर जायला हवं, आणि त्यात आभारासोबत त्या कामाने काय बदललं ते असावं. ‘तुमच्या तीस नोंदींमुळे सापळा क्रमांक सातचे तीन कोरे दिवस सापडले, तिथल्या दादांना विचारलं, ते लग्नाला गेले होते.’ आपण भरलेला आकडा कुणाच्या तरी वावरापर्यंत पोचला हे कळलं की पुढचं पान माणूस स्वतःहून मागतो. पहिलं काम पूर्ण केलेल्यांचाच ग्रुप करावा, तोही विचारून. कोड सर्वांना खुला असेल का, शेतकऱ्यांची नावं आणि वावरांची ठिकाणं कुणाला दिसतील, हे याच टप्प्यावर लिहून ठरवावं. गावपातळीचे आकडे खुले आणि वावराची ओळख गटाकडेच, ही वाटणी या कामाला पुरते.

भाषण लागू पडलं की नाही हे आलेल्या डोक्यांवरून मोजू नये. आठ दिवसांत पहिलं काम किती जणांनी पूर्ण केलं, हा एकच आकडा बघावा. चाळीस जण आले, बाराजणांनी नाव दिलं आणि दोघांनीच पान भरून पाठवलं, तरी गटाला दोन माणसं मिळाली. बाराजणांनी नाव देऊन एकानेही काम केलं नाही, तर बिघाड बहुधा पहिल्या कामात असतो: ते मोठं असतं, किंवा ते उघडतच नसतं. नाव देणारेच नसतील तर बिघाड मागणीत. आणि नाव देणारे सगळे औषधाबद्दल विचारणारे असतील तर बिघाड विषयाच्या नावात, तिथूनच दुरुस्ती करावी.

न आलेल्या उत्तरांसाठी एक आठवण पुरे, साधारण दहा दिवसांनी. त्यानंतर त्या माणसाला सोडून द्यावं आणि पुढच्या जुलैच्या बैठकीचं निमंत्रण तेवढं पाठवावं. त्या बैठकीत बोलायला मात्र मागच्या हंगामात दहा आठवडे मोजणाऱ्यांपैकीच कुणाला तरी उभं करावं. त्याला स्लाइडची फाइल, पतंगांचा नवा फोटो, तीन कामांची यादी आणि न विचारता मनात राहणाऱ्या प्रश्नांची नोंद पंधरा दिवस आधी द्यावी, आणि वहीचं पान त्याच्या स्वतःच्या वावरातलं असावं.